पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ असते, मग तेव्हाच तिचा वेग का वाढतो?

नीलाक्षी:
माझी मुलगी दहावीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकातील गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात केप्लरचे नियम आहेत, आणि ग्रह सूर्याजवळ असताना अधिक वेगाने जातो हे तिने पाठ केले आहे. कारण विचारले तेव्हा मी सांगितले, की जवळ असताना सूर्याची ओढ जास्त असते, म्हणून वेगही जास्त असतो. त्यावर तिने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला देता आले नाही. तिचे म्हणणे असे, की पृथ्वी ३ किंवा ४ जानेवारीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते, म्हणजे त्या दिवशी ओढही वर्षातील सर्वांत जास्त असते. मग त्या दिवसापासून पृथ्वी सूर्याच्या आणखी जवळ जाण्याऐवजी दूर का जाऊ लागते? ओढ कमी असते जुलैमध्ये, आणि नेमकी तेव्हाच ती परत सूर्याकडे वळते. हे सारे उलटेच वाटते. कोणी नीट समजावून सांगेल का?

सह्यकडा:
नीलाक्षीताई, आपण मुलीला सांगितलेले उत्तर बरोबरच आहे. ओढ जास्त असेल, तर तिला तोंड देण्यासाठी ग्रहाला जास्त वेगाने फिरावे लागते, नाहीतर तो सूर्यात जाऊन पडेल. बुध सूर्याच्या सर्वांत जवळ आहे आणि सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर या वेगाने फिरतो. नेपच्यून सर्वांत दूर आहे आणि त्याचा वेग सेकंदाला जेमतेम साडेपाच किलोमीटर आहे. हाच नियम पृथ्वीला जानेवारीत आणि जुलैत लागू होतो.

दुर्बीणवाला:
सह्यकडा, बुध आणि नेपच्यून यांचे आकडे बरोबर आहेत, पण ती दोन वेगवेगळ्या ग्रहांची, दोन वेगवेगळ्या कक्षांची तुलना झाली. एकच ग्रह आपल्या एकाच कक्षेत जवळ आणि दूर जातो, तेव्हा घडते ते वेगळे, आणि मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या वेगळेपणातच दडलेले आहे.

प्रथम 'ओढ जास्त म्हणून वेग जास्त' हे वाक्य तपासून पाहू. ओढीमुळे वेग वाढायचा असेल, तर ती ओढ ग्रहाच्या चालण्याच्या दिशेने थोडी तरी असली पाहिजे. उपसूर्य बिंदूवर, म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला, पृथ्वीची चाल सूर्याकडे जाणाऱ्या रेषेला अगदी काटकोनात असते. ओढ त्या क्षणी वर्षातील सर्वांत प्रबळ असते, पण ती चालीला पूर्णपणे आडवी असल्यामुळे वेगात तसूभरही भर घालत नाही, फक्त दिशा वळवते. वेग वाढण्याचे काम त्याआधी सहा महिने चाललेले असते. जुलैपासून जानेवारीपर्यंत पृथ्वी सूर्याभोवती फिरता फिरता थोडी थोडी सूर्याकडे सरकत असते, म्हणजे एका अर्थाने उतारावरून खाली येत असते. या काळात ओढीचा एक लहानसा भाग तिच्या चालीच्या दिशेने असतो आणि तो वेग वाढवत राहतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीस हे सरकणे सर्वांत जलद, सेकंदाला सुमारे अर्धा किलोमीटर असते. जानेवारीनंतर चढ सुरू होतो आणि तीच ओढ चालीला मागे खेचू लागते.

आता मुख्य प्रश्न असा, की जानेवारीत ती परत का फिरते. त्यासाठी चार आकडे पुरेसे आहेत. जानेवारीत अंतर १४.७१ कोटी किलोमीटर असते. त्या अंतरावर एखाद्या ग्रहाला अगदी गोल वर्तुळात फिरायचे असेल, तर सेकंदाला ३०.०४ किलोमीटर वेग हवा. पृथ्वीचा त्या दिवशीचा वेग मात्र ३०.२९ आहे, म्हणजे गरजेपेक्षा पाव किलोमीटरने जास्त. सूर्याची ओढ कितीही प्रबळ असली, तरी या वेगाच्या ग्रहाला वर्तुळात वळवून ठेवण्यास ती अपुरी पडते, आणि पृथ्वी बाहेर सरकू लागते. जुलैत अंतर १५.२१ कोटी किलोमीटर असते. तेथे वर्तुळासाठी २९.५४ किलोमीटर वेग लागतो, आणि पृथ्वीजवळ असतो २९.२९. म्हणजे आता पाव किलोमीटर कमी. ओढ दुबळी झालेली असली, तरी इतक्या मंद ग्रहाला आत वळवण्यास ती पुरून उरते.

यातील मर्म असे. आत येताना ओढ वाढते, आणि वर्तुळासाठी लागणारा वेगही वाढतो, पण तो जुलै ते जानेवारी फक्त अर्ध्या किलोमीटरने वाढतो. पृथ्वीचा स्वतःचा वेग त्याच काळात एक किलोमीटरने वाढतो. गरजेच्या दुप्पट वाढ झाल्यामुळे ती जुलैत मागे असते आणि जानेवारीत पुढे गेलेली असते.

नीलाक्षी:
हे वाचून दाखवले, तेव्हा मुलीने लगेच आकडे वहीत लिहून घेतले. आता तिचा पुढचा प्रश्न आहे. पृथ्वीचा वेग नेमका एक किलोमीटरनेच वाढेल, हे कशावरून ठरते?

दुर्बीणवाला:
तिला एक गुणाकार करायला सांगा. जानेवारीतील अंतर गुणिले वेग, म्हणजे १४.७१ गुणिले ३०.२९, हा गुणाकार सुमारे ४४५.६ येतो. जुलैचा गुणाकार, १५.२१ गुणिले २९.२९, सुमारे ४४५.५ येतो. जो किंचित फरक दिसतो, तो दशांशस्थळे तोडल्यामुळे आहे. सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेषा समान कालावधीत समान क्षेत्रफळ व्यापते, असे पुस्तकात जे म्हटले आहे, त्याचा या दोन टोकांवरचा अर्थ एवढाच, की हा गुणाकार बदलत नाही. मधल्या काळात वेगाचा फक्त आडवा भाग घ्यावा लागतो, सूर्याकडे सरकण्याचा भाग सोडून द्यावा लागतो.

हा गुणाकार का बदलत नाही, याचे कारण न्यूटनने १६८७ मध्ये दाखवून दिले. सूर्याची ओढ नेहमी सूर्याच्याच दिशेने असते, बाजूने ढकलणारे काही नसते, एवढेच त्यासाठी पुरे आहे. ओढ जवळ जास्त आणि दूर कमी असावी, अशी अट या नियमात नाही. उद्या सूर्याची ओढ रबराच्या दोरीसारखी झाली, म्हणजे दूर गेल्यावर जास्त आणि जवळ आल्यावर कमी, तरीसुद्धा ग्रह सूर्याच्या जवळूनच सर्वांत वेगाने जाईल. कक्षेतील सूर्याची जागा मात्र बदलेल. म्हणूनच 'ओढ जास्त म्हणून वेग जास्त' हे उत्तर मला सदोष वाटते. निष्कर्ष बरोबर येतो, पण कारण ते नव्हे.

सह्यकडा:
रबराच्या दोरीचे उदाहरण वाचून मला माझे म्हणणे मागे घ्यावे लागेल असे दिसते. तरीही एक शंका राहते. ग्रह सूर्याकडे येताना उतारावरून घसरल्यासारखा वेग घेतो, हे आपणच सांगितले, आणि नंतर गुणाकार स्थिर राहतो म्हणून वेग वाढतो, हेही आपणच सांगितले. यांपैकी खरे कारण कोणते?

दुर्बीणवाला:
माझ्या मते उतार हे कारण आहे आणि गुणाकार हा त्याचा हिशेब आहे. याच्या उलट मत असणारे भौतिकशास्त्राचे शिक्षक मला भेटले आहेत. कोनीय संवेगाची अक्षय्यता, म्हणजे हा गुणाकार न बदलणे, हीच मुळातली गोष्ट, असे ते म्हणतात. दोन्ही वाटांनी आकडा तोच येतो, त्यामुळे आकड्यांवरून हा वाद सुटत नाही.

पंचांगप्रेमी आजोबा:
या विषयावर मलाही थोडे लिहावेसे वाटते, कारण पृथ्वीच्या या कमीजास्त चालीचा हिशेब आमच्या घरी तीन पिढ्या हाताने केला जात असे. पृथ्वीवरून पाहताना ही चाल सूर्याची चाल म्हणून दिसते. ज्या पंचांगात रोजचा स्पष्ट रवी, म्हणजे सूर्याची आकाशातील त्या दिवशीची प्रत्यक्ष जागा, दिलेली असते, त्यात लागोपाठच्या दोन दिवसांची वजाबाकी करून पाहावी. जानेवारीच्या सुरुवातीला रवी एका दिवसात ६१ कला १० विकला पुढे जातो, आणि जुलैच्या सुरुवातीला ५७ कला १२ विकला. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला होतात. ज्या ठिकाणी रवीची गती सर्वांत मंद असते, त्याला आमच्या ग्रंथांत रवीचे मंदोच्च म्हटले आहे, आणि हे मंदोच्च मिथुन राशीत आहे.

याचा परिणाम असा, की रवी मिथुन राशीत सुमारे साडेएकतीस दिवस राहतो, पण धनु राशीतून साडेएकोणतीस दिवसांच्या आतच बाहेर पडतो. चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा असतो. एका चांद्रमासात दोन संक्रांती येण्यासाठी सौरमास चांद्रमासापेक्षा लहान असावा लागतो, आणि ते फक्त हिवाळ्यातील या महिन्यांत शक्य आहे. दोन संक्रांती आलेला असा महिना म्हणजेच क्षयमास, म्हणून तो कार्तिक ते माघ या दिवसांच्या आसपासच येतो, वैशाखात किंवा ज्येष्ठात कधीही येत नाही. १९६३-६४ मध्ये आणि त्यानंतर १९८२-८३ मध्ये क्षयमास आला होता. तो कोणत्या ऋतूत यावा, हे ठरवणारी गोष्ट म्हणजे पृथ्वीची कक्षा आहे, याचे मला आजही नवल वाटते.

सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिकेतही हीच गोष्ट आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती तयार केली आणि २२ मार्च १९५७ पासून ती लागू झाली. तिच्यात वैशाख ते भाद्रपद हे पाचही महिने ३१ दिवसांचे आहेत, आणि आश्विनापासून पुढचे ३० दिवसांचे, कारण उन्हाळ्यात रवी मंद चालतो.

नीलाक्षी:
आजोबा, आपले लेखन वाचून घरी सगळ्यांनी दिनदर्शिका काढली. आम्ही मोजून पाहिले, की २० मार्च २०२५ पासून २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८६ दिवस होतात आणि तेथून २० मार्च २०२६ पर्यंत १७९. दिवस आणि रात्र समान असतात त्या दोन संपातांमधील अर्ध्या अर्ध्या वर्तुळाला एवढा फरक पडतो, हे आजवर लक्षात आले नव्हते.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. दुर्बीणवाला यांच्या आकड्यांनुसार वेगातील फरक साडेतीन टक्क्यांहून कमी आहे. आजोबांच्या कलांमधील फरक मात्र जवळजवळ सात टक्के येतो.

दुर्बीणवाला:
मुलीने हे स्वतः पकडले असेल, तर तिला शाबासकी द्या. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पृथ्वी जानेवारीत ३.४ टक्के अधिक वेगाने जाते, हे किलोमीटरमध्ये झाले. पण तीच चाल ३.४ टक्के जवळून होत असल्यामुळे तेवढेच किलोमीटर जास्त मोठा कोन व्यापतात. रस्त्याकडेला उभे राहून जवळून जाणारी मोटार पाहताना मान जितकी वेगाने वळवावी लागते, तितकी ती लांबच्या मोटारीसाठी लागत नाही. दोन परिणाम एकमेकांवर गुणले जातात, आणि ३.४ चे सुमारे ६.९ होतात. आजोबांच्या ६१ कला १० विकलांना ५७ कला १२ विकलांनी भागले, तर हेच उत्तर मिळेल.

वाटसरू:
दरवर्षी जुलैमध्ये एक संदेश फिरतो, की पृथ्वी नेहमीच्या ९ कोटी किलोमीटरवरून १५.२ कोटी किलोमीटरवर जाणार आहे, थंडी वाढेल, खोकला व सर्दी होईल. आमच्या इमारतीच्या गटात मागच्या वर्षी तो चार जणांनी पाठवला. या चर्चेतील आकडे पाहिल्यावर तो खोटा आहे एवढे कळते, पण पाठवणाऱ्यांना एका वाक्यात काय सांगावे?

दुर्बीणवाला:
त्यांना सांगावे, की पृथ्वी कधी ९ कोटी किलोमीटरवर असती, तर त्या दिवशी सूर्याचे बिंब जुलैतील बिंबापेक्षा दोन तृतीयांशाहून जास्त मोठे दिसले असते, आणि ते कोणाच्याही नजरेतून सुटले नसते.

हा गैरसमज मुळात पुस्तकातील आकृतीमुळे होतो, असे मला वाटते. नियम समजावा म्हणून कक्षा अंड्यासारखी चपटी काढतात. पृथ्वीची कक्षा प्रमाणात काढायची ठरवली आणि तिचा लांब व्यास एक मीटर घेतला, तर आखूड व्यास त्याहून फक्त ०.१४ मिलिमीटरने कमी भरेल. पेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते. सूर्य मात्र मध्यापासून आठ मिलिमीटरहून थोडा अधिक बाजूला असेल, आणि तो डोळ्यांना सहज दिसेल. म्हणजे डोळ्यांना कक्षा वर्तुळच दिसते, फक्त सूर्य तिच्या मध्यावर नाही. केप्लरनेही पृथ्वीच्या कक्षेचा अभ्यास करताना चालीचा नियम आधी शोधला, आणि लंबवर्तुळ त्याला नंतर मंगळावर काम करताना सापडले. दोन्ही गोष्टी त्याच्या १६०९ च्या ग्रंथात आल्या.

पर्थकर:
मी ऑस्ट्रेलियात पर्थ येथे राहतो. आमच्याकडे जानेवारीत भर उन्हाळा असतो आणि ४० अंशांच्या वर तापमान जाणे नवे नाही. पुण्यात असताना मे महिन्यातील ऊन मी पुष्कळ सोसले आहे, पण येथे वीस मिनिटांत कातडी लाल होते. पृथ्वी त्या वेळी सूर्याच्या सर्वांत जवळ असते हेच त्याचे कारण, असे मी येथील मित्रांना सांगत आलो आहे. ते बरोबर आहे ना?

दुर्बीणवाला:
त्यात तथ्य आहे, पण ते थोडेच. जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के अधिक सूर्यप्रकाश मिळतो, आणि दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा नेमका तेव्हाच येतो. पण पर्थला जानेवारीच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८१ अंश उंच असतो आणि जुलैच्या सुरुवातीला ३५ अंश. केवळ या उंचीमुळे सपाट जमिनीवर पडणारे दुपारचे ऊन सुमारे १.७ पट होते, आणि दिवसही सुमारे चार तास मोठा असतो. आसाच्या कलण्यापुढे अंतराचे ७ टक्के फिके पडतात.

पर्थकर:
मी उन्हाळ्याची तुलना हिवाळ्याशी करत नव्हतो, पर्थच्या उन्हाळ्याची पुण्याच्या उन्हाळ्याशी करत होतो. मग ते ७ टक्के लहान म्हणता येणार नाहीत.

दुर्बीणवाला:
आपला प्रश्न मी चुकीचा वाचला, क्षमस्व. त्या तुलनेत अंतराचा वाटा खरोखर लक्षणीय आहे. पण कातडी भाजणे हे अतिनील किरणांवर अवलंबून असते, आणि त्यांवर ओझोन, हवेतील धूळ व धुके यांचाही परिणाम होतो. मे महिन्यातील पुण्याची धुळीची हवा आणि पर्थची स्वच्छ हवा यांत फरक आहे. यातून अंतराचा वाटा वेगळा काढणे मला येथे बसून शक्य नाही.

छायाचित्रकार, सातारा:
अंतरातील फरक घरच्या कॅमेऱ्याने दिसतो का, हे मी पाहिले आहे. भिंगाच्या पुढे सूर्यासाठीचा फिल्टर लावून ४ जानेवारीला दुपारी छायाचित्र घेतले, तेव्हा बिंबाचा व्यास ८१२ पिक्सेल भरला. जुलैमध्ये साताऱ्यात आभाळ मोकळे मिळण्याची आशा नसते, म्हणून दुसरे छायाचित्र २५ मे रोजीच घेतले. त्यात व्यास ७८८ पिक्सेल आला. फरक ३ टक्क्यांचा झाला.

पहिल्या वर्षी मात्र माझे मोजमाप फसले होते. तेव्हा मी झूमचे भिंग वापरले, आणि दोन्ही वेळी ते एकाच आकड्यावर ठेवले असे मला वाटत होते. उत्तर ५ टक्के आले. इतका फरक वर्षभरात कधीच पडू शकत नाही, त्यामुळे चूक माझ्याकडे आहे हे कळले. नंतर त्याच रात्री दोनदा चंद्र टिपून पाहिला, तेव्हा झूमची कडी थोडी घसरते असे आढळले. तेव्हापासून एकाच लांबीचे भिंग वापरतो. सूर्य मावळतीला असताना मोजू नये, कारण क्षितिजाजवळ बिंब उभ्या दिशेने चपटे दिसते.

नीलाक्षी:
हे आम्ही शाळेच्या प्रकल्पासाठी करू शकू. शेवटची एक शंका आहे. कधी २ जानेवारी, कधी ५ जानेवारी अशी तारीख का बदलते? २०२० मध्ये ५ जानेवारी होती आणि २०२१ मध्ये २ जानेवारी.

पंचांगप्रेमी आजोबा:
लीप वर्षामुळे तारखा मागेपुढे होतात, तेच कारण असावे.

दुर्बीणवाला:
आजोबा, लीप वर्षाचा वाटा आहे, पण एका वर्षात तीन दिवसांची उडी त्याने पडत नाही. ते काम चंद्राचे आहे. लंबवर्तुळात फिरतो तो पृथ्वी आणि चंद्र यांचा समाईक गुरुत्वमध्य, आणि पृथ्वीचे केंद्र त्याभोवती सुमारे ४,७०० किलोमीटर अंतरावरून महिन्याला एक फेरी घालते. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या उलट बाजूस असतो, त्यामुळे पृथ्वी तेवढी सूर्याकडे झुकलेली असते. अमावास्येला याच्या उलट घडते. कोटींच्या हिशेबात ४,७०० किलोमीटर नगण्य वाटतील, पण उपसूर्य बिंदूच्या आसपास अंतर फारच मंद बदलते. त्या बिंदूपासून एक दिवस पुढे किंवा मागे गेले, तर अंतरात जेमतेम ३८० किलोमीटरचा फरक पडतो. त्यामुळे चंद्राचे हे हेलकावे सर्वांत जवळचा क्षण दिवस सव्वा दिवस सहज पुढे किंवा मागे ढकलतात. २०२६ मध्ये पौष पौर्णिमा ३ जानेवारीला होती, आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ आली तीही ३ जानेवारीच्याच रात्री.

यांखेरीज उपसूर्य बिंदूही हळूहळू सरकतो आहे, सुमारे ५८ वर्षांत एक दिवस, पुढच्या तारखेकडे. तेराव्या शतकाच्या मध्यास तो डिसेंबरातील अयनदिनाशी जुळत होता.

पंचांगप्रेमी आजोबा:
मग रवीचे मंदोच्चही सरकत असणार. आमच्या जुन्या ग्रंथांत त्याला फारच मंद गती दिली आहे, जवळजवळ स्थिरच मानले आहे. ती आजच्या मापांशी किती जुळते, हे निरयन आणि सायन यांतील फरक लक्षात घेऊन ताडून पाहायला हवे. आमच्या वडिलांच्या हस्तलिखित वह्या माळ्यावर आहेत, त्या काढून येत्या आठवड्यात येथे आकडे देतो.